‘रक्त पातळ करण्याच्या गोळ्या’ : स्टेंटनंतरच्या एका डिस्चार्ज पत्राचे प्रकरण

छातीत दुखू लागल्यामुळे दाखल झालेल्या, मधुमेह असलेल्या ५६ वर्षांच्या एका गृहस्थांना हृदयविकाराचा झटका आल्याचे रक्तातील ट्रोपोनिनच्या तपासणीवरून निश्चित झाले. अँजिओग्राफीत हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त पुरवणारी धमनी, जिला आम्ही एलएडी म्हणतो, ती ९० टक्के अरुंद झालेली दिसली. त्याच बैठकीत अँजिओप्लास्टी करून तेथे ३ मिलिमीटर व्यासाचा आणि २८ मिलिमीटर लांबीचा एक औषधवेष्टित स्टेंट बसवला आणि तिसऱ्या दिवशी ते चालत घरी गेले. जाताना हृदयाची आकुंचनशक्ती ५५ टक्के होती, म्हणजे जवळजवळ निरोगी माणसाइतकी. येथे मला त्या उपचारांबद्दल फारसे लिहायचे नाही. घरी जाताना त्यांच्या हातात दिलेल्या कागदाबद्दल लिहायचे आहे. साडेसात आठवड्यांनी जे घडले त्याचा एक धागा त्या कागदापर्यंत जातो, आणि त्या कागदाखाली सही माझी होती.

त्या पत्रात औषधांच्या यादीत पहिल्या दोन ओळी अशा होत्या : ॲस्पिरिन ७५ मिलिग्रॅम, रोज एक, क्लोपिडोग्रेल ७५ मिलिग्रॅम, रोज एक. दोन्हींपुढे कंसात ‘रक्त पातळ करण्यासाठी’ असे लिहिले होते आणि यादीच्या शेवटी ‘औषधे नियमित घ्यावीत’ हे नेहमीचे वाक्य होते. वैद्यकीय दृष्टीने त्यात काहीही चूक नव्हते. औषधे बरोबर होती, मात्रा बरोबर होत्या, मुदत १२ महिन्यांची लिहिली होती आणि झटक्यानंतर स्टेंट बसवलेल्या, रक्तस्रावाचा विशेष धोका नसलेल्या रुग्णासाठी ती मुदत योग्यच आहे. उणीव होती ती वेगळीच. गोळ्या का घ्यायच्या, एकाऐवजी दोन का, आणि त्या थांबवायला कोणी सांगितले तर काय करायचे, यांतले एकही वाक्य त्या पत्रात नव्हते.

स्टेंट बसवल्यानंतर सुमारे सहा आठवड्यांनी त्यांची दाढ दुखू लागली. दंतवैद्यांकडे गेल्यावर दाढ काढावी लागेल असे ठरले. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत का, असे तेथे त्यांना विचारले गेले. त्यांनी होकार दिला आणि पाच दिवस आधीपासून त्या बंद करण्याचा सल्ला मिळाला. आमचे पत्र त्यांनी सोबत नेले नव्हते, कारण दाढेचा आणि हृदयाचा संबंध काय, असा त्यांचा सरळ समज होता. सोमवार ते शुक्रवार त्यांनी दोन्ही गोळ्या घेतल्या नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी दाढ निघाली, रक्त फारसे आले नाही. गोळ्या रविवारी पुन्हा सुरू करायच्या होत्या. शनिवारी पहाटे पाचच्या सुमारास छातीत दडपण आल्याने ते जागे झाले, अंगाला दरदरून घाम सुटला होता, आणि तासाभरात घरच्यांनी त्यांना आणले तेव्हा ईसीजीवर पुढच्या भिंतीचा मोठा झटका स्पष्ट दिसत होता. तो स्टेंट बसवल्यापासूनचा ५३वा दिवस होता.

अँजिओग्राफीत धमनी स्टेंटच्या सुरुवातीलाच तोडल्यासारखी बंद झालेली होती. आतली गुठळी ओढून काढली, फुग्याने जागा मोकळी केली आणि मग धमनीच्या आतून सोनोग्राफी करून स्टेंट नीट तपासला. हे पाहणे आवश्यक असते, कारण स्टेंट पुरेसा उघडला नसेल, भिंतीला टेकला नसेल किंवा त्याच्या कडेला धमनी फाटली असेल तरीही गुठळी होते, आणि मग दोष गोळ्यांवर ढकलणे चुकीचे ठरते. येथे स्टेंट पूर्ण उघडलेला होता, भिंतीला सर्वत्र टेकलेला होता. यांत्रिक कारण सापडले नाही. दुखू लागल्यापासून दोन तास चाळीस मिनिटांत रक्तप्रवाह पूर्ववत झाला. तरी आकुंचनशक्ती ४० टक्क्यांवर आली. ते वाचले, पण हृदयाचा जो भाग त्या पहाटे निकामी झाला तो परत मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नींनी औषधांची पिशवी आणून दाखवली. त्यांची पद्धत चोख होती. क्लोपिडोग्रेलच्या स्ट्रिपच्या मागच्या चंदेरी बाजूवर प्रत्येक गोळीमागे बॉलपेनने वार लिहिलेला होता, आणि रविवारची जागा फुटलेली, सोमवारपासून पुढची रांग जशीच्या तशी भरलेली होती. हा निष्काळजी रुग्ण नव्हता. त्यांनी ४८ दिवस एकही गोळी चुकवली नव्हती आणि पाच दिवस तितक्याच काटेकोरपणे ती घेतली नव्हती. ‘रुग्ण औषधे घेत नाहीत’ या आमच्या सवयीच्या तक्रारीत हे प्रकरण बसत नाही, म्हणूनच ते लिहून ठेवावेसे वाटले.

मी त्यांना विचारले की गोळ्या बंद करताना मनात काही शंका आली नाही का. ते म्हणाले, “डॉक्टर, मला वाटलं, रक्त तर पातळ झालेलंच आहे. दात घासताना हिरडीतून रक्त यायचं, दाढी करताना कापलं तर लवकर थांबायचं नाही. मग चार-पाच दिवसांत ते असं किती घट्ट होणार? आणि नळी तर तुम्ही उघडून दिली होती.” या उत्तरात चुकीचा तर्क एकही नाही. आमच्या कागदाने जे दोन शब्द दिले, त्यांच्यावरून निघणारा हाच निष्कर्ष आहे. रक्त घट्ट असते, गोळीने ते पातळ होते, पुरेसे पातळ झाले की काही दिवस विश्रांती चालते. आणि नळी एकदा उघडली की दुरुस्ती संपली.

प्रत्यक्षात या गोळ्या रक्त पातळ करतच नाहीत. रक्ताचा दाटपणा गोळी घेण्याआधी जितका असतो तितकाच नंतरही राहतो. बदल होतो तो प्लेटलेट या सूक्ष्म पेशींमध्ये. जखमेच्या जागी सर्वांत आधी त्या पोहोचतात, चिकटतात, रसायने सोडून आणखी प्लेटलेटना बोलावतात आणि भोक बुजवतात. कापलेल्या बोटावर हे काम जीव वाचवणारे आहे. अडचण अशी की नव्या स्टेंटची उघडी तार प्लेटलेटच्या दृष्टीने जखमच असते. कालांतराने धमनीचे आतले मऊ अस्तर त्या तारांवर चढते आणि तार रक्ताच्या नजरेआड होते. पण औषधवेष्टित स्टेंटवरील औषधाचे कामच पेशींची वाढ रोखण्याचे असते. धमनी पुन्हा आतून जाड होऊन बंद पडू नये म्हणून ते लावलेले असते, आणि त्याच गुणामुळे अस्तर चढायलाही उशीर होतो. म्हणजे स्टेंट ‘बसला’ तो पहिल्या दिवशी, पण धमनीने तो ‘सामावून घेतला’ असे म्हणायला काही महिने जावे लागतात. त्या मधल्या काळाचे राखण दोन गोळ्या करतात. ॲस्पिरिन प्लेटलेटच्या आतला एक निरोप बंद करते, क्लोपिडोग्रेल बाहेरून येणारा दुसरा निरोप अडवते. एकीने अडवलेला निरोप दुसऱ्या वाटेने पोहोचू शकतो, म्हणून दोन्ही वाटा बंद ठेवाव्या लागतात.

आता त्या पाच दिवसांकडे पाहू, कारण तो आकडा मनाने ठरवलेला नव्हता. प्लेटलेटला केंद्रक नसते, त्यामुळे या दोन्ही औषधांनी एकदा निकामी केलेला भाग तिला पुन्हा बनवता येत नाही. ती प्लेटलेट मरेपर्यंत तशीच राहते. तिचे आयुष्य सात ते दहा दिवसांचे असते आणि रोज साधारण एक दशांश प्लेटलेट नव्या येतात. गोळी बंद केल्यावर पाच दिवसांत जवळपास निम्म्या प्लेटलेट नव्या, औषधाचा स्पर्श न झालेल्या असतात, आणि गुठळी बनवायला तेवढ्या पुरतात. मोठ्या शस्त्रक्रियेआधी क्लोपिडोग्रेल पाच दिवस थांबवतात ते याच हिशोबाने. पण दाढेच्या खळग्यात रक्त साखळावे म्हणून परत आलेल्या प्लेटलेट फक्त दाढेकडे जात नाहीत. ज्या दिवशी दाढ काढणे सर्वांत सोयीचे झाले, त्याच दिवशी स्टेंट सर्वांत उघडा पडला होता.

एक दात काढण्यासाठी या गोळ्या थांबवण्याची सहसा गरज नसते. खळग्यावर कापसाचा बोळा घट्ट दाबून धरणे, टाका घेणे, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडमध्ये भिजवलेला बोळा ठेवणे, एवढ्याने रक्त थांबते. थोडा अधिक वेळ लागतो इतकेच. २००७ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने इतर संघटनांबरोबर, ज्यांत तेथील दंतवैद्यांची संघटनाही होती, स्टेंटनंतरच्या या गोळ्या मुदतीआधी थांबवण्याविरुद्ध जाहीर सूचना काढली होती, ती याच कारणाने. आमच्या रुग्णाच्या बाबतीत तर याचा पडताळा त्याच शनिवारी आला. अँजिओप्लास्टीसाठी त्यांना रक्त गोठू न देणारे हेपॅरिन द्यावे लागले, दोन्ही गोळ्यांच्या मोठ्या मात्रा एकदम द्याव्या लागल्या, आणि आदल्या संध्याकाळी काढलेल्या दाढेच्या खळग्यातून अर्थातच रक्त येऊ लागले. एक टाका, भिजवलेला बोळा आणि अर्धा तास दाब, एवढ्यावर ते थांबले. ज्या रक्तस्रावाच्या भीतीने गोळ्या बंद केल्या, तो त्याहून कितीतरी प्रखर औषधांखालीही आवरता आला.

तरीही त्या सल्ल्याचा सगळा भार दाढ काढणाऱ्यांवर टाकणे मला न्याय्य वाटत नाही. त्यांच्यासमोर पत्र नव्हते, स्टेंटची तारीख नव्हती, आणि रुग्णाने सांगितलेला शब्द आमचाच होता. शिवाय गोळ्या लवकर सुटणे ही दुर्मीळ गोष्ट नाही. झटक्यानंतर औषधवेष्टित स्टेंट बसवलेल्या ५०० रुग्णांचा अमेरिकेतील एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात १३.६ टक्के लोकांनी पहिल्या ३० दिवसांतच दुसरी गोळी बंद केली होती, आणि पुढच्या ११ महिन्यांत त्यांच्यातले ७.५ टक्के दगावले. गोळी चालू ठेवणाऱ्यांत हे प्रमाण ०.७ टक्के होते. गोळी सोडणारे लोक मुळात वयाने आणि आजाराने अधिक जर्जर असू शकतात, त्यामुळे हा सगळा फरक गोळीचाच आहे असे मी म्हणणार नाही. पण दिशा संशयातीत आहे.

दुसऱ्यांदा घरी सोडताना क्लोपिडोग्रेलऐवजी टिकाग्रेलॉर दिले आणि पत्र नव्याने लिहिले. त्याचा मुख्य भाग, तारखा आणि दूरध्वनी क्रमांक गाळून, येथे देतो.

“आपल्या हृदयाच्या एलएडी या धमनीत बसवलेला स्टेंट ही धातूची बारीक जाळी आहे आणि ती कायम तेथेच राहील. तिच्या तारांवर आपल्या धमनीचे आतले अस्तर हळूहळू चढते. त्याला काही महिने लागतात. तोपर्यंत रक्तातील प्लेटलेट नावाच्या पेशी त्या तारांना चिकटून गुठळी करू शकतात. अशी गुठळी झाल्यास धमनी काही मिनिटांत पूर्ण बंद पडते, मोठा झटका येतो आणि जीवही जाऊ शकतो. आपल्याला ५३व्या दिवशी झालेला त्रास हाच होता.

हे टाळण्यासाठी आपल्याला दोन गोळ्या दिल्या आहेत : ॲस्पिरिन ७५ मिलिग्रॅम दिवसातून एकदा आणि टिकाग्रेलॉर ९० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, साधारण १२ तासांच्या अंतराने. या गोळ्या रक्त पातळ करत नाहीत, तर प्लेटलेटना चिकटू देत नाहीत. दोन्हींचे काम वेगळे आहे, त्यामुळे एक चालू आहे म्हणून दुसरी सोडता येत नाही. टिकाग्रेलॉर (तारीख) पर्यंत घ्यायची आहे आणि त्या तारखेलाही ती आम्हाला भेटूनच बंद करायची आहे. ॲस्पिरिन त्यानंतरही चालू राहील.

दात, डोळे, पोट, सांधे किंवा अन्य कोणत्याही कारणासाठी कोणीही या गोळ्या थांबवण्यास सांगितले, तर थांबवण्यापूर्वी हे पत्र त्यांना दाखवा आणि खालील क्रमांकावर आमच्याशी बोलण्याची त्यांना विनंती करा. आमचे बोलणे होईपर्यंत गोळ्या चालू ठेवा.

हिरडीतून थोडे रक्त येणे किंवा अंगावर निळसर डाग उठणे अपेक्षित आहे. ते आम्हाला कळवा, पण त्यासाठी गोळी सोडू नका. डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, १० मिनिटे दाबूनही न थांबणारे नाकाचे रक्त, अचानक तीव्र डोकेदुखी किंवा शरीराच्या एका बाजूला आलेली कमजोरी, यांपैकी काहीही झाल्यास ताबडतोब रुग्णालयात या. गोळ्यांचे काय करायचे ते तेथे ठरेल.

टिकाग्रेलॉरमुळे काही जणांना धाप लागल्यासारखे वाटते. तसे झाल्यास कळवा. गोळी बदलून देता येते, परंतु दुसरी हातात येईपर्यंत पहिली सोडू नका. धापेबरोबर छातीत दुखत असेल, घाम येत असेल किंवा आडवे झाल्यावर ती वाढत असेल, तर वाट न पाहता रुग्णालयात या. एखादी मात्रा चुकली तर पुढची तिच्या ठरलेल्या वेळी घ्या. एकदम दोन घेऊ नका. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या स्वतःहून घेऊ नका.”

या मजकुरातील काही निवडींबद्दल आमच्यात बराच खल झाला. ‘जीवही जाऊ शकतो’ हे शब्द काढावेत, रुग्ण घाबरेल, असे एका सहकाऱ्यांचे मत होते. मी ते ठेवले. पहिल्या पत्रात आम्ही कोणालाही घाबरवले नव्हते, आणि त्या सौम्यपणातून ‘पाच दिवसांनी काय बिघडते’ हा प्रश्न उगवला होता. मात्र भीती दाखवली की तिच्यावर उपाय आणि फोन करण्याची जागा त्याच पानावर असली पाहिजे, हे त्यांचे म्हणणे मला पटले आणि क्रमांक ठळक अक्षरांत वर घेतला. ‘१२ महिने’ ऐवजी तारीख लिहिली, कारण १२ महिने नेमके कधीपासून मोजायचे हे घरात कोणालाच ठाऊक नसते. या रुग्णाच्या बाबतीत तर मोजणी दुसऱ्या झटक्यापासून नव्याने सुरू झाली होती.

धापेचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. हा परिणाम बहुधा सौम्य असतो आणि अनेकदा आपोआप कमी होतो, पण ज्याला हृदयविकार होऊन गेला आहे त्याला धाप लागली की औषध बाधते असे वाटणे साहजिक आहे. त्यातच टिकाग्रेलॉरची प्लेटलेटवरची पकड क्लोपिडोग्रेलसारखी कायमची नसते, ती सुटते. गोळी चुकत गेली की संरक्षण अधिक लवकर ओसरते. न सांगितलेल्या दुष्परिणामापायी हीच गोळी गुपचूप सुटली असती.

पत्राला मर्यादाही आहेत आणि त्या मजकुरात मुद्दाम मोकळ्या ठेवल्या आहेत. ‘गोळ्या कधीही थांबवू नका’ असे आम्ही कोठेही लिहिले नाही, कारण ते खरे नाही. ज्यांना पूर्वी पोटातून रक्तस्राव झाला आहे, ज्यांचे हिमोग्लोबिन कमी आहे किंवा ज्यांना दुसऱ्या कारणासाठी रक्त गोठू न देणारे औषधही चालू आहे, अशांसाठी आम्हीच दोन गोळ्यांची मुदत काही वेळा तीन महिन्यांवर, क्वचित एका महिन्यावर आणतो. झटका न येता ठरवून बसवलेल्या स्टेंटसाठी ती साधारण सहा महिने असते. तातडीची मोठी शस्त्रक्रिया आली तर ॲस्पिरिन शक्यतो चालू ठेवून दुसरी गोळी मोजके दिवस थांबवावी लागते. हे निर्णय स्टेंट कोणता, कोठे, किती दिवसांपूर्वी आणि रक्तस्राव झाल्यास तो दाबून थांबवता येईल का, यांवर ठरतात. रुग्णाने पत्रातून हे सगळे शिकावे अशी अपेक्षा नाही. त्याने एवढेच करावे की निर्णय घेणाऱ्या दोघांना एकमेकांशी बोलायला लावावे.

पत्र देताना परिचारिकेने ते वाचून दाखवले आणि मग पत्नींना विचारले, “ताई, उद्या कोणी म्हणालं की पाच दिवस गोळ्या बंद करा, तर काय कराल?” त्या म्हणाल्या, “आधी तुम्हाला फोन करायला सांगू.” मग थोडे थांबून, “पण फोन लागला नाही तर?” हा प्रश्न आमच्या मसुद्यात नव्हता. ‘आमचे बोलणे होईपर्यंत गोळ्या चालू ठेवा’ हे वाक्य त्यानंतर घातले गेले.

सात महिन्यांनी त्यांच्या दुसऱ्या बाजूच्या दाढेने उचल खाल्ली. या वेळी दंतवैद्यांचा फोन दवाखान्यातूनच आला, पत्र त्यांच्या समोर होते. दोन्ही गोळ्या चालू ठेवून, सकाळच्या वेळी, एकच दाढ काढायची आणि टाका घ्यायचा असे चार मिनिटांत ठरले. रक्त थांबायला २० मिनिटे लागली. ठरलेल्या तारखेला ते भेटायला आले तेव्हा टिकाग्रेलॉर बंद केली, पत्रातली ती ओळ खोडून तिच्याशेजारी तारखेसह सही केली, आणि ॲस्पिरिनची ओळ तशीच ठेवली.